दहावीचं गणित, ग्रुपवरची तक्रार आणि रात्री तीनची जाग

प्रश्न : पारोळा तालुक्यातल्या अनुदानित शाळेत दहावीला गणित शिकवतो, वर्गशिक्षकही मीच. प्रथम सत्राचे मार्क सांगितल्यावर एका पालकाने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'सर आकसाने मार्क कमी देतात.' मी काहीच उत्तर दिलं नाही. मुख्याध्यापकांना निकाल शंभर टक्के हवाय, वर यू-डायसची माहिती शनिवारपर्यंत. तीन आठवडे झाले, रात्री तीनला जाग येते आणि मग झोप नाही. मेडिकल रजा टाकू का?

उत्तर :

आज टाकू नका. कोणत्या परिस्थितीत टाकायची, ते शेवटी सांगतो. आत्ता पंधरा दिवस घरी बसलात तर ग्रुपवरचा तो मेसेज तसाच राहील, पोरांचा अभ्यास मागे पडेल, आणि परत याल तेव्हा स्टाफरूममध्ये 'सर त्या तक्रारीमुळेच रजेवर गेले' हे पक्कं झालेलं असेल.

आधी एक छोटं काम करा. उशाशी कागद-पेन ठेवा आणि पुढच्या चार रात्री जाग आल्यावर मनात आलेला पहिला विचार एका ओळीत लिहा. विश्लेषण नको, फक्त ओळ. तुम्हाला तिन्ही गोष्टींचा एकत्र ताण वाटतोय, पण चार ओळी वाचल्यावर बहुधा दिसेल की यू-डायस त्यात नाही आणि निकालही एखाद्याच रात्री आहे. बाकी सगळीकडे ग्रुप, तो पालक, 'लोक काय म्हणत असतील' हेच. याला कारण आहे. कागदपत्रांना तारीख असते, शनिवार गेला की विषय संपतो. निकालाचाही एक दिवस ठरलेला असतो. तक्रारीला मात्र कोणीतरी मुद्दाम शेवट करावा लागतो. तोवर मन तिच्यावर पहारा देत बसतं, आणि पहारेकरी रात्रीच जागा असतो. म्हणून कामाचा क्रम तक्रार, निकाल, कागद असा ठेवा. बहुतेक शिक्षक उलट्या क्रमाने जातात, कारण कागद भरणं पालकाला तोंड देण्यापेक्षा सोपं असतं.

आता तक्रार. तीन आठवडे गप्प राहिलात हे चुकलं, पण अजून हातचं गेलेलं नाही. ग्रुपवर एवढंच लिहा : 'नाना, आपला मुद्दा वाचला होता, उत्तर द्यायला उशीर झाला. उत्तरपत्रिका समोर ठेवून बोलू, वेळ तुम्हाला स्वतंत्र कळवतो.' यापुढे ग्रुपवर एक अक्षर नाही. दुसऱ्या कोणी री ओढली किंवा तुमची बाजू घेतली, तरी नाही. एका मुलाचे मार्क पन्नास घरांसमोर चघळायचे नसतात. शिवाय ग्रुपवर माणूस माघार घेत नाही, कारण तिथे त्याला बघणारे असतात. समोरासमोर तोच माणूस चहा घेतो.

भेटीची वेळ पालकाच्या सोयीने ठरवा. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराला बोलावलं तर तो एक तर येणार नाही, नाही तर मजूर सोडून आल्याचा राग घेऊन येईल. संध्याकाळी साडेपाच किंवा तुमच्या गावच्या बाजाराचा दिवस बरा. जागा मुख्याध्यापकांची केबिन, आणि मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक हजर हवेतच. एकट्याने, रस्त्यात किंवा त्यांच्या ओट्यावर जाऊन हा विषय काढू नका. तिथे काय बोलणं झालं याला साक्षीदार राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गावात त्याच्या तीन आवृत्त्या फिरतात.

भेटीच्या आदल्या दिवशी उत्तरपत्रिका काढा. आधी स्वतः बेरीज तपासा. मग नावाचा भाग दुमडून ती दुसऱ्या गणित शिक्षकाला द्या आणि त्यांनी दिलेले गुण वेगळ्या कागदावर घ्या. समजा बीजगणिताच्या 40 पैकी मुलाला 11 आहेत आणि सहकाऱ्याच्या हिशेबाने 12 निघाले, कारण एका उपप्रश्नाचा गुण बेरजेत यायचा राहिला. हा एक गुण लपवू नका, तोच भेटीत तुमच्या उपयोगी पडेल. स्वतःहून 'इथे माझी बेरीज चुकली, 12 केले' म्हणणाऱ्या माणसावर आकसाचा आरोप टिकत नाही.

मार्क कुठे गेले हेही बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'अभ्यास करत नाही' हे उत्तर नव्हे, तो उलटा आरोप झाला. उदाहरणार्थ, मुलाने `x² − 7x + 12 = 0` या समीकरणाचे अवयव बरोबर पाडले, `(x − 3)(x − 4) = 0` लिहिलं, आणि मुळं मात्र −3 आणि −4 लिहिली. पायऱ्यांचे गुण मिळाले, शेवटचा गेला. अशा तीन-चार जागांवर पेन्सिलने खूण करून ठेवा. दहावी न शिकलेल्या बापालाही 'इथपर्यंत बरोबर आलाय, इथे चिन्ह चुकलं' हे कळतं, आणि त्यातून आपला पोरगा अगदीच गेलेला नाही हेही कळतं.

प्रत्यक्ष भेटीत पहिली दहा मिनिटं तुमची नाहीत. 'या नाना, बसा. आकस कशावरून वाटला, ते सांगा,' एवढं म्हणून गप्प राहा. ते सोपं नसतं. तुमच्याकडे उत्तरपत्रिका आहे, मुद्दे आहेत, तीन आठवड्यांचा राग आहे. तरी मध्ये तोंड घालू नका. त्यांना अहिराणीत बोलू द्या, तुम्हाला येत असेल तर तुम्हीही बोला. 'मना पोऱ्याना मार्क कमी काबर पडनात?' हा प्रश्न अहिराणीत साधी विचारपूस असतो. त्याला शाळेच्या मराठीत खुलासा दिला की तो खटला होतो.

या गप्प राहण्यातून बहुतेक वेळा मार्कांच्या मागची गोष्ट बाहेर येते. नववीपर्यंत बरे मार्क पडत होते, आता अकरावी सायन्सचं कसं होणार ही धास्ती असते. कधी भावकीतल्या दुसऱ्या मुलाशी तुलना असते. आणि पुष्कळदा तुम्ही वर्गात सहज बोललेलं एखादं वाक्य असतं : 'तुझ्याच्याने गणित होत नाही, त्यापेक्षा कापूस वेचायला जा.' बोलणारा पाच मिनिटांत विसरतो. पोरगा घरी जाऊन सांगतो, आणि ज्याच्या घरात सगळे कापूसच वेचतात त्या बापाला ते आयुष्यभर पुरतं. मार्क हे निमित्त असतं, कारण मार्कांवर भांडता येतं आणि अपमानावर भांडायला शब्द सापडत नाहीत.

असं काही निघालं आणि ते खरं असेल तर त्या वाक्याबद्दल, फक्त त्या वाक्याबद्दल, माफी मागा : 'ते बोलायला नको होतं, माझं चुकलं.' मार्कांबद्दल माफी नाही, तिथे उत्तरपत्रिका बोलेल. दोन्ही गोष्टी एकत्र करून 'जाऊ द्या ना नाना, काही चुकलं असेल तर माफ करा' असं गुळमुळीत बोललात तर पालक त्याचा अर्थ 'मार्क मुद्दाम कमी दिले हे सरांनी कबूल केलं' असा घेतो. या एका वाक्याने अनेक मिटत आलेली प्रकरणं पुन्हा पेटतात. आरोप साफ खोटा असेल तरी आवाज न चढवता 'असं मी बोललेलो नाही, पण पोराला तसं का वाटलं ते मी बघतो' एवढंच पुरे. पोराला केबिनमध्ये बोलावून उलटतपासणी घेऊ नका. नंतर वर्गात त्याला टोमणा तर अजिबात नको, कारण तेव्हा आकस खरा ठरतो.

शेवटची पाच मिनिटं पुढे काय करायचं यासाठी ठेवा, आणि ते मोजता येईल असं असू द्या. मुलगा मंगळवारी आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीत 15 मिनिटं थांबेल, दर वेळी 4 उदाहरणं सोडवेल, पालक रविवारी वहीवर सही करतील, तीन आठवड्यांनी पुन्हा भेट. मग पालक भेट नोंदवहीत तिथेच लिहा : तारीख, वेळ, हजर कोण, पालकांचा मुद्दा त्यांच्याच शब्दांत, उत्तरपत्रिका दाखवली, 11 चे 12 केले, काय ठरलं, पुढची तारीख. पाच-सहा ओळी, तिघांच्या सह्या. पालकाने सही नाकारली तर 'सही करण्यास नकार दिला' लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या. त्यांनी राजीखुशीने केली तर घरी जाताना त्यांनाच म्हणा, 'नाना, ग्रुपवर तुम्हीच दोन शब्द टाका.' टाकतात बरेच जण. नाही टाकलं तर आग्रह नको.

तक्रारीची ही बाजू लांबवली, कारण तुमची झोप तिथेच अडकली आहे. भेट झाली की पहिल्या आठवड्यातच जाग येणं कमी झालं पाहिजे. झालं नाही, तर गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येते.

आणखी दोन शक्यता बोलून ठेवतो. पालक लेखी तक्रार घेऊन संस्थेकडे किंवा शिक्षण विभागाकडे गेला, तर तुमचं उत्तरही लेखी असायला हवं. तक्रारीत जेवढे मुद्दे तेवढीच उत्तरं, त्याच क्रमाने, प्रत्येकाला दोन-तीन वाक्यं, सोबत उत्तरपत्रिकेची आणि नोंदवहीच्या पानाची प्रत. 'मी 18 वर्षं प्रामाणिक सेवा केली' हा परिच्छेद गाळा, कोणी वाचत नाही. उत्तर दिल्यावर तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आणि रात्री तीनला जी भीती सगळ्यात मोठी होते, नोकरीची, तिच्याबद्दल : महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना 1977 चा कायदा आणि 1981 ची सेवाशर्ती नियमावली लागू आहे. त्यानुसार कायम शिक्षकाला रीतसर चौकशी झाल्याशिवाय काढता येत नाही, आणि काढलंच तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील असतं. ग्रुपवरच्या एका ओळीने तिथपर्यंत गोष्ट जात नाही. शिक्षणसेवकाच्या किंवा परिविक्षेच्या काळात हे कवच पातळ असतं, म्हणून त्या शिक्षकांनी नोंदवहीच्या बाबतीत दुप्पट काटेकोर राहावं. दुसरी शक्यता मारहाणीच्या किंवा गैरवर्तनाच्या आरोपाची. तसं असेल तर वरची चहावाली भेट लागू नाही. तिथे परस्पर मिटवायला जाणं हाच गुन्हा ठरू शकतो. मुख्याध्यापकांना लगेच लेखी कळवा आणि वकिलाचा सल्ला घ्या.

आता निकाल. 'शंभर टक्के' हा आकडा घेऊन काहीच करता येत नाही, त्याने फक्त छातीत धडकी भरते. त्याला मुलांच्या नावांमध्ये मोडा. समजा वर्गात 54 मुलं आहेत. प्रथम सत्राच्या गुणांवरून तीन याद्या करा. 45 किंवा त्याहून जास्त असलेली, समजा 38. ही नेहमीच्या शिकवण्यावर निघतील. 22 ते 44 मधली, समजा 10. आणि 22 च्या खालची 6. तुमचा जादा वेळ मधल्या दहांवर सगळ्यात जास्त फळतो. लेखी परीक्षा 80 गुणांची, बीजगणित 40 आणि भूमिती 40, वर अंतर्गत 20. काठावरच्या मुलाला सगळा अभ्यासक्रम पुन्हा शिकवायला वेळ नाही. त्याला बीजगणितात संभाव्यता, सांख्यिकी आणि दोन चलांतील रेषीय समीकरणं, भूमितीत भौमितिक रचना, निर्देशक भूमितीतली सूत्रं आणि पायथागोरस एवढं पक्कं करा. रचना तर सरावाने हाताला बसते, तिथे बुद्धीपेक्षा कंपास जास्त लागतो, आणि निम्म्या मुलांकडे पेन्सिलीला टोक नसतं हीसुद्धा मार्क जाण्याची खरी जागा आहे.

खालच्या सहांबद्दल स्वतःशी खोटं बोलू नका. त्यांच्यातल्या काहींना पूर्णांकांची वजाबाकी येत नाही. ती चूक दहावीची नाही आणि तुमची तर नाहीच. त्यांना आठवड्यातून दोन वेळा चिन्हं आणि अपूर्णांक एवढंच द्या. दोघं-तिघं वर सरकतील. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेले की शाळेतून गळणारी मुलंही याच यादीत सापडतात, म्हणून त्यांची हजेरी आधी बघा, मार्क नंतर.

या तीन याद्या एका पानावर घेऊन मुख्याध्यापकांकडे जा, तेही ते बोलावण्याच्या आधी. 'सर, या दहांवर मी काम करतोय, या सहांपैकी या तिघांची खात्री देत नाही, तास एवढे लागतील, अमुक दिवशीचा बदलीचा तास माझ्याकडून काढा.' मुख्याध्यापकांवरही वरून दाब असतो, आणि त्यांना वर सांगायला काहीतरी लागतं. नावांसह कागद हातात आला की 'शंभर टक्के' हा शब्द आपोआप मवाळ होतो. नाहीच झाला तरी काय हातात आहे आणि काय नाही ते तुमच्यापुरतं लिहून झालेलं असतं. अंतर्गत गुण फुगवून द्यायचा किंवा परीक्षेत 'मदत' करायचा आग्रह झाला तर त्याला तोंडी नकार पुरेसा आहे. पण नकारच द्या, ते ओझं निकालानंतरही उतरत नाही.

कागदपत्रांवर फार लिहिण्यासारखं नाही. यू-डायसला वेळ लागतो तो भरायला लागत नाही, नावं जुळवायला लागतो. जनरल रजिस्टरमध्ये एक, आधारवर दुसरं, वडिलांचं नाव मागे-पुढे, जन्मतारखेत एक अंक इकडे-तिकडे. म्हणून वर्गाची एकच मूळ यादी करा. जनरल रजिस्टर नंबर, त्याप्रमाणे नाव, आधारप्रमाणे नाव, जन्मतारीख, आईचं नाव, मोबाइल. पुढे कोणीही कोणत्याही नमुन्यात माहिती मागितली तरी यातूनच उतरवायची. जुळत नसलेली नावं लाल करून पालकांना एकाच दिवशी बोलवा, रोज एकाला नको. पोर्टल शेवटच्या दोन दिवसांत रखडतं, तेव्हा शुक्रवारी रात्री अकराला ते फिरणारं चक्र बघत बसण्यापेक्षा बुधवारी सकाळी शाळा भरण्याआधी बसा. 'तात्काळ' असा मेसेज आला की कोणत्या नमुन्यात आणि कधीपर्यंत एवढं विचारून घ्या. निम्म्या तात्काळ गोष्टी सोमवारपर्यंत चालतात.

झोपेचं आता. संध्याकाळी सातच्या सुमारास 15 मिनिटं खुर्चीत बसून डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा. उद्या करण्यासारखं असेल त्यापुढे वेळ लिहा, आपल्या हातात नसेल त्यापुढे काट मारा. हे अंथरुणात करायचं नाही. वर्गाचा ग्रुप रात्री आठनंतर म्यूट करा. दुपारी चारनंतर चहा बंद, स्टाफरूममधला पाचचा चहा सोडणं सगळ्यात अवघड जाईल. तीनला जाग आलीच तर घड्याळ बघू नका. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. लोळत राहिलं की मेंदू पलंगाला जागण्याची जागा समजू लागतो. श्वास घेताना 4 आणि सोडताना 6 मोजत पाच मिनिटं बसलं तर छातीतली धडधड उतरते. दुपारी झोपून भरपाई करू नका आणि सकाळी उठायची वेळ रविवारीही बदलू नका.

आता रजेचं. थकवा आणि आजार वेगळे ओळखायला एक साधी खूण आहे. सलग सुट्टी मिळाली, शाळेचा विचार दूर गेला, की थकलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी खुलतो. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीतही खुलला नसाल, दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडीचं काही गोड लागत नसेल, जेवण तुटलं असेल, किंवा कधी नव्हे ते पोरांबद्दल 'मरू दे, ह्यांचं काय व्हायचं ते होवो' असं आतून वाटायला लागलं असेल, तर तक्रार मिटवून आणि याद्या करून भागणार नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जा आणि रजा घ्या, निःसंकोच. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धुळ्याच्या हिरे महाविद्यालयात मानसोपचार विभागात केसपेपर काढता येतो. गावात कोणी बघेल असं वाटत असेल तर आधी 14416 या टेलिमानस क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. डॉक्टरांना 'टेन्शन आहे' एवढंच सांगू नका. किती दिवस, किती वाजता जाग, वजन किती उतरलं, आणि त्या चार रात्रींच्या ओळी दाखवा. बीपी आणि साखरही तपासून घ्या. आणि जगणं नकोसं वाटल्याचा विचार एकदा जरी आला, तर वरचं काही पूर्ण करत बसू नका. त्याच दिवशी घरातल्या एकाला सांगा आणि तो नंबर लावा.

तशी चिन्हं नसतील तर रजा शिल्लक राहू द्या. नानांना मात्र आजच मेसेज टाका, शनिवारच्या आत भेट झाली पाहिजे.